उभा व्हिडिओ, आडवा पडदा

विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर वाजणाऱ्या ढोल-ताशा पथकाचा व्हिडिओ फोनवर घ्यायचा तर फोन उभाच धरावा लागतो. खाली कमरेला ढोल बांधलेल्या वादकांची रांग, वर भगवा ध्वज नाचवणारा ध्वजधारी आणि त्याच्याही वर गेलेलं ध्वजाचं टोक, हे सगळं एका चौकटीत आणायचं असेल तर ती चौकट रुंद असण्यापेक्षा उंच असावी लागते. दोन्ही बाजूंना गर्दी असते, मागे सरकायला जागा नसते. त्यामुळे असा उभा व्हिडिओ घेणाऱ्याला दोष देण्याचं काही कारण नाही. अडचण सुरू होते ती पुढे, पथकाच्या स्नेहमेळाव्यात तोच व्हिडिओ सभागृहातल्या पडद्यावर लावला जातो तेव्हा.

सभागृहातला पडदा, घरातला टीव्ही, लॅपटॉप हे सगळे आडवे असतात. त्यांचं नेहमीचं प्रमाण सोळाला नऊ, म्हणजे फुल एचडीत 1920 पिक्सेल रुंदी आणि 1080 पिक्सेल उंची. फोनचा उभा व्हिडिओ याच्या बरोबर उलटा, 1080 रुंद आणि 1920 उंच. तो आडव्या पडद्यावर संपूर्ण दाखवायचा तर त्याची उंची 1080 वर आणावी लागते, आणि त्याच प्रमाणात रुंदी सुमारे 608 वर येते. उरलेले 1312 पिक्सेल दोन्ही बाजूंना 656-656 असे वाटले जातात आणि काळे राहतात. पडद्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी भागात चित्र आणि बाकी सगळा काळोख. एवढा मोठा पडदा लावूनही मागच्या रांगेतल्या माणसाला एक चमकणारी उभी पट्टी तेवढी दिसते.

यावर लोक पहिल्यांदा करतात ते म्हणजे चित्र ताणून पडदाभर पसरवणं. ते कधीही करू नये. रुंदी तिपटीने वाढली की माणसं बुटकी आणि ढोल लंबगोल होतात, आणि ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून क्षणभरही सुटत नाही. दुसरा मार्ग कापण्याचा, म्हणजे क्रॉपचा. तो वाईट नाही, पण त्यासाठी 1920 च्या उंचीतून जेमतेम 607 ओळी ठेवून बाकीच्या सोडाव्या लागतात. आपल्या व्हिडिओत हे करून पाहिलं तर एक तर ढोल राहतात आणि ध्वज जातो, नाही तर ध्वज राहतो आणि तो कुणाच्या हातात आहे ते दिसत नाही. मुलाखतीसारखा एकच चेहरा असेल आणि मूळ चित्रीकरण 4K मध्ये असेल, तर मात्र क्रॉपच करावा. 2160 रुंदीच्या उभ्या चित्रातून 2160 गुणिले 1215 चा आडवा तुकडा निघतो आणि तो फुल एचडीपेक्षा मोठाच असतो. तिथे पुढच्या खटाटोपाची गरज नाही.

जिथे कापणं परवडत नाही, तिथे कडा भरण्याचा उपाय येतो. वृत्तवाहिन्यांवर प्रेक्षकांनी पाठवलेले पुराचे, अपघाताचे व्हिडिओ आपण रोज अशाच रूपात पाहतो. मधे स्पष्ट उभं चित्र आणि त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच चित्राचा धूसर, पसरलेला रंग. युक्ती साधी आहे. एकच व्हिडिओ दोनदा वापरायचा. खालच्या थरात तो पडद्याची पूर्ण रुंदी भरेल इतका मोठा करायचा, वर-खाली बाहेर जाणारा भाग कापायचा आणि उरलेला धूसर करायचा. वरच्या थरात तोच व्हिडिओ उंचीला बरोबर बसवून मधोमध ठेवायचा. दोन्ही थर एकाच वेळी चालतात, त्यामुळे मधल्या चित्रात संध्याकाळ झाली की कडांनाही संध्याकाळ होते.

हे डोळ्यांना बरं का वाटतं, याचं कारण उजेडात आहे. अंधाऱ्या सभागृहात लखलखीत चित्राला लागून निखळ काळी पट्टी आली की त्या दोघांमधली कड चित्रातल्या कुठल्याही रेषेपेक्षा ठळक होते आणि नजर तिथे जाऊन आदळते. कडेला त्याच रंगाचा, थोडा कमी उजेडाचा पट्टा असला की ती कड मऊ होते. त्या पट्ट्यात पाहण्यासारखं काहीच नसल्यामुळे नजर आपोआप मधल्या स्पष्ट भागावर येते. म्हणजे या धूसर थराकडून अपेक्षा एकच, त्याने रंग आणि उजेड द्यावा आणि स्वतः नजरेत भरू नये. फोनमधल्या तयार सोयी रंग देतात, पण नजरेत न भरण्याचं काम अर्धवट सोडतात. म्हणून ते आपल्याला हाताने पूर्ण करावं लागतं.

आधी उजेडाचं पाहू. पडदा भरण्यासाठी मोठा केलेला खालचा थर मूळ चित्राचा फक्त मधला एक तृतीयांश भाग दाखवतो. वरचा आणि खालचा तृतीयांश कापला जातो. पथकाच्या व्हिडिओत मधल्या तृतीयांशात काय आहे? वादकांचे पांढरे झब्बे. त्यामुळे तयार होणारा धूसर थर पांढुरका आणि प्रखर येतो, इतका की मधलं चित्रच त्याच्यापुढे मळकट दिसू लागतं. एक उपाय असा की मधला भाग सोडून वरचा तृतीयांश घ्यावा, म्हणजे आकाश आणि ध्वज येतील. मोहात पाडणारा उपाय आहे, पण ध्वज एकदा डावीकडे जातो, एकदा उजवीकडे, आणि त्याच्याबरोबर पडद्याची अख्खी बाजू भगवी होते नि पुन्हा निळसर होते. त्यापेक्षा मधला भागच ठेवून त्याचा उजेड उतरवावा आणि रंगाचा भडकपणाही थोडा कमी करावा. किती, ते ओळखण्यासाठी डोळे किलकिले करून पडद्याकडे पाहावं. मधलं चित्र पहिल्यांदा जाणवलं तर ठीक, कडा पहिल्यांदा जाणवल्या तर उजेड आणखी उतरवायचा. शुभेच्छांच्या व्हिडिओत हीच गोष्ट पांढऱ्या भिंतीमुळे होते. घरात भिंतीपुढे बसून बोलणाऱ्या आत्याच्या दोन्ही बाजूंना ट्यूबलाइट लावल्यासारखा प्रकाश पडतो.

धूसरपणाचीही एक सोपी कसोटी आहे. वरचा थर क्षणभर बंद करायचा आणि फक्त खालचा पाहायचा. त्यात कुणाचा चेहरा ओळखू येत असेल, अक्षरं वाचता येत असतील, ढोलाचा गोल कळत असेल, तर धूसरपणा पुरेसा नाही. अर्धवट धूसर चित्र सगळ्यात वाईट. प्रेक्षकाचा मेंदू ते ओळखायचा प्रयत्न करत राहतो, आणि मधल्या स्पष्ट माणसाच्या दोन्ही खांद्यांशी त्याचीच अवाढव्य सावली उभी आहे असं वाटत राहतं. फक्त रंगांचे ढग उरले पाहिजेत.

आता हालचाल. या सगळ्या कामात सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते इथे, आणि मोठ्या पडद्यावर सर्वांत जास्त त्रासही हिचाच होतो. वरच्या थरातलं चित्र 608 पिक्सेल रुंद आहे आणि खालच्या थरात तेच चित्र 1920 पिक्सेल रुंद आहे. म्हणजे खालचं चित्र वरच्यापेक्षा तिपटीहून थोडं जास्त मोठं आहे. चित्र जितकं मोठं, तितकीच त्यातली हालचालही मोठी. गर्दीत धक्का लागून फोन हलला आणि मधलं चित्र 10 पिक्सेल सरकलं, तर त्याच क्षणी कडांतले ढग सुमारे 32 पिक्सेल सरकतात. फोनच्या छोट्या पडद्यावर एडिट करताना हे कळत नाही. सभागृहात कळतं. मधला माणूस जागच्या जागी डुलतोय आणि त्याच्या आजूबाजूची सगळी भिंत त्याच्या तिप्पट वेगाने लाटांसारखी हलतेय. डोळ्यांच्या कोपऱ्यातून हालचाल आपल्याला फार पटकन जाणवते, आणि हा धूसर थर तर बरोबर त्या कोपऱ्यांतच असतो. पुढच्या रांगेतल्या एखाद्याला गरगरायलाही लागतं. धूसरपणा कितीही वाढवला तरी यावर पूर्ण इलाज होत नाही. बारीक तपशील जातात, पण मोठे उजळ-काळे ढग सरकायचे ते सरकतातच.

इलाज दोन आहेत. पहिला, खालच्या थराला हलूच द्यायचं नाही. व्हिडिओतली एकच फ्रेम निवडायची, तिचा स्थिर फोटो करायचा आणि तोच धूसर करून पूर्णवेळ मागे ठेवायचा. बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ असेल तर हा उपाय पुरेसा आणि उत्तम. पथकाच्या व्हिडिओत मात्र तो अपुरा पडतो, कारण कॅमेरा रांगेवरून फिरत गर्दीकडे जातो, उजेड बदलतो आणि मागचा फोटो मात्र पहिल्या क्षणाचाच राहतो. तिथे दुसरा उपाय घ्यायचा. खालच्या थरात प्रत्येक क्षणी एकच फ्रेम न दाखवता मागच्या अर्ध्या सेकंदातल्या सगळ्या फ्रेम्सची सरासरी दाखवायची. हाताचे धक्के सरासरीत विरून जातात, रंग मात्र हळूहळू बदलत राहतात. मंडपातल्या चमकत्या दिव्यांचा लपलपाटही यात बराच मवाळ होतो. सरासरीमुळे कडा मधल्या चित्राच्या किंचित मागे राहतात, पण ते कुणालाही जाणवत नाही.

हे प्रत्यक्ष करायचं कसं? फोनवरच्या बहुतेक एडिटिंग अ‍ॅपमध्ये चौकटीचं प्रमाण निवडायची सोय असते. तिथे `16:9` निवडायचं आणि `Background` मध्ये `Blur` घ्यायचा. धूसरपणाचे दोन-चार टप्पे दिसतात, त्यातला सर्वांत जास्तीचा घ्यावा. एवढ्यावर घरच्या टीव्हीसाठी काम भागतं. पण उजेड उतरवणं आणि हालचाल थांबवणं अशा तयार सोयीत सहसा नसतं. तेव्हा फोनवरच थोडा वळसा घेता येतो. व्हिडिओ एका चांगल्या फ्रेमवर थांबवून स्क्रीनशॉट घ्यायचा. फोटो एडिटरमध्ये तो भरपूर धूसर आणि थोडा काळसर करायचा. मग आडव्या चौकटीच्या नव्या प्रोजेक्टमध्ये तो फोटो मुख्य पट्टीवर व्हिडिओच्या लांबीइतका ताणायचा आणि मूळ व्हिडिओ लेअर म्हणून त्याच्यावर मधोमध बसवायचा. स्क्रीनशॉट घेताना वेळ, बॅटरीचं चिन्ह, प्लेची बटणं वगैरे त्यात येतात, ती धूसर करण्याआधी कापून टाकावीत.

संगणकावर `ffmpeg` नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात बटणं नाहीत, आज्ञा टाइप करावी लागते, पण सरासरीचा उपाय त्यात एका ओळीत होतो. ही आज्ञा सलग एकाच ओळीत द्यायची:

```
ffmpeg -i dhol.mp4 -filter_complex "[0:v]split[a][b];[a]scale=192:-2,crop=192:108,tmix=frames=15,gblur=sigma=5,scale=1920:1080,setsar=1,eq=brightness=-0.12:saturation=0.7,noise=alls=5:allf=t[bg];[b]scale=-2:1080[fg];[bg][fg]overlay=(W-w)/2:0" -c:a copy dhol-aadva.mp4
```

दिसायला किचकट असली तरी ती वाचता येते. `split` एका व्हिडिओचे दोन प्रवाह करतो. पहिल्या प्रवाहाचं चित्र आधी 192 पिक्सेल रुंदीइतकं लहान केलं आहे. शेवटी धूसरच करायचं असेल तर मोठ्या चित्रावर मेहनत घेण्यात अर्थ नाही. लहान चित्र धूसर करून नंतर दहापट मोठं केलं की परिणाम तोच मिळतो आणि साधा लॅपटॉपही पटकन काम उरकतो. `crop` मधला भाग ठेवतो, `tmix` पंधरा फ्रेम्सची सरासरी काढतो, म्हणजे सेकंदाला 30 फ्रेम्सच्या व्हिडिओत अर्धा सेकंद. व्हिडिओ 60 फ्रेम्सचा असेल तर इथे 30 लिहावं. `gblur` धूसर करतो, पुढचा `scale` पुन्हा पडद्याएवढं करतो आणि `eq` उजेड नि रंग उतरवतो. दुसरा प्रवाह उंचीला 1080 बसतो आणि `overlay` त्याला मधोमध ठेवतो. आवाज जसाच्या तसा जातो. आधी दहा सेकंदांच्या तुकड्यावर करून पाहावं आणि `brightness` चा आकडा आपल्या व्हिडिओप्रमाणे बदलावा. संध्याकाळच्या व्हिडिओला उणे 0.12 फार होतो, तिथे उणे 0.05 पुरतो.

या आज्ञेतल्या `noise` बद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो नसेल तर प्रोजेक्टरवर एक वेगळाच दोष दिसतो. धूसर थरात उजेड गडद रंगाकडे फार सावकाश उतरत जातो. साध्या व्हिडिओत प्रत्येक रंगाच्या जेमतेम 256 पायऱ्या असतात. एवढा सावकाश उतार त्या पायऱ्यांत बसवला की मोठ्या पडद्यावर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे पट्टे उमटतात. त्यावर अगदी बारीक, सतत बदलणारे कण शिंपडले की पायऱ्यांच्या कडा मोडतात आणि उतार सलग दिसतो. पण ही फाईल व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती दाबली जाते, कण पुसले जातात आणि पट्टे परत येतात. सभागृहातल्या ऑपरेटरला ती पेन ड्राइव्हवर द्यावी, निदान `Document` म्हणून पाठवावी.

टाइमलाइनवाल्या एडिटरमध्ये हेच काम करताना पडद्याच्या अगदी बाहेरच्या कडेने काळसर महिरप दिसू लागते. धूसर करताना प्रोग्रॅम शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतो, आणि चौकटीच्या कडेला शेजारी काहीच नसल्यामुळे काळा रंग आत ओढला जातो. प्रीमियरच्या `Gaussian Blur` मध्ये `Repeat Edge Pixels` अशी खूण करायची सोय आहे, ती केली की महिरप जाते. अशी सोय नसेल तर खालचा थर आणखी दहा-पंधरा टक्के मोठा करून तो भाग चौकटीबाहेर ढकलावा. आणखी एक गोष्ट मी आवर्जून टाळतो. मधल्या चित्राला पांढरी चौकट किंवा जाड सावली देऊ नये. चित्र आणि कडा यांच्यातली जी रेघ आपण मऊ केली, तीच आपण परत ओढतो.

कधीकधी सगळं बरोबर करूनही व्हिडिओ आडवा पडलेला निघतो. बहुतेक फोन उभा व्हिडिओसुद्धा आतून आडवाच साठवतात आणि फाईलमध्ये ‘दाखवताना नव्वद अंश फिरवा’ अशी नोंद ठेवतात. `ffmpeg` ती नोंद वाचून आपोआप चित्र फिरवतो, काही जुने एडिटर वाचत नाहीत. अशा वेळी आधी व्हिडिओ फिरवून सेव्ह करावा आणि मगच कडांना हात लावावा.

पथकाकडे बहुधा एकाच प्रसंगाचे अनेक उभे व्हिडिओ असतात. एकाने ताशे टिपलेले, दुसऱ्याने ढोल, तिसऱ्याने ध्वज. मग धूसर थराची गरजच उरत नाही. 608 रुंदीचे तीन व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवले की 1824 पिक्सेल भरतात, उरलेल्या 96 मधून चार ठिकाणी 24-24 पिक्सेलची फट सोडता येते आणि पडदा खऱ्या चित्रांनी भरतो. आवाज मात्र एकाच व्हिडिओचा ठेवावा आणि ढोलाच्या एखाद्या ठळक ठोक्यावर तिन्ही जुळवून घ्यावेत. ठोका जुळला नाही तर वादकांनी भरलेल्या सभागृहात ते पहिल्या आवर्तनातच कळेल.

आडवा केलेला व्हिडिओ फक्त आडव्या पडद्यासाठी ठेवावा. तोच पुन्हा फोनवर उभ्या धरलेल्या पडद्यावर पाहिला तर काय होतं ते मोजून पाहा. 1080 रुंदीच्या फोनवर आडवी चौकट सुमारे 608 उंचीची होते आणि तिच्या आत आपलं मधलं चित्र फक्त 342 रुंद उरतं. मूळ उभ्या व्हिडिओने फोनचा जेवढा पडदा भरला असता, त्याचा हा जेमतेम दहावा हिस्सा, आणि भोवती धूसर पट्टे नि वर-खाली काळे पट्टे दोन्ही. यूट्यूबवर टाकायचा असेल तर मूळ उभी फाईलच टाकावी, तिथला प्लेअर चित्र पडद्याप्रमाणे बसवून घेतो. पथकाच्या ग्रुपवरही मूळच पाठवावी, आणि सभागृहासाठी केलेल्या फाईलच्या नावात तसं लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी तीच उचलून पुन्हा एकदा कडा भरायला बसणार नाही.